सही करण्याआधीचे साठ दिवस

(जालना येथे तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझे अब्बा जालन्याच्या एमआयडीसीत एका रोलिंग मिलमध्ये सव्वीस वर्षे कामाला होते. तिथे कामगाराला काढायचे असले की कोणी 'तुला काढले' असे म्हणत नसे. मुकादम यायचा आणि म्हणायचा, "हिशेब घेऊन जा." कामगार ऑफिसात गेला की दोन कागद पुढे यायचे. एक पैशाच्या पावतीचा आणि दुसरा राजीनाम्याचा. दोन्हींवर अंगठा किंवा सही झाली की माणूस स्वतःहून नोकरी सोडून गेला, असा रेकॉर्ड तयार व्हायचा.

मी इंजिनिअर झालो, पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत लागलो, तेव्हा मला वाटले की हे जग आता मागे पडले. सात वर्षांनी तोच दुसरा कागद माझ्यासमोर आला. फरक एवढाच की तो कागद लॅपटॉपच्या स्क्रीनवर होता आणि त्याच्याआधी साठ दिवसांचा एक कार्यक्रम होता. त्या कार्यक्रमाचे नाव परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट प्लॅन, म्हणजे पीआयपी. कामात सुधारणा करण्यासाठी दिलेली मुदत, असा त्याचा साधा अर्थ.

आपल्या भागातली बरीच मुले-मुली आज पुणे, हैदराबाद, बेंगळुरूला आयटीत आहेत. गेल्या वर्षभरात मला जे फोन आले, त्यांतले बहुतेक याच एका विषयावर होते आणि त्यांतले निम्मे उशिरा आले. राजीनामा देऊन झाला होता. म्हणून आज मी एकच गोष्ट सांगणार आहे. पीआयपीच्या काळात कायद्याने तुमच्या हातात काय असते, आणि राजीनाम्याचे बटण दाबल्यावर त्यातले काय निघून जाते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. पीआयपी देणे बेकायदा नाही. कामाबद्दल कंपनीची तक्रार असू शकते आणि ती खरीही असू शकते. माझ्याच टीममधला एक मुलगा पीआयपीतून नीट बाहेर पडला, त्याला पुढे बढतीही मिळाली. त्याला दिलेली उद्दिष्टे मोजता येणारी होती, दर आठवड्याला मॅनेजर त्याच्याबरोबर बसत होता आणि एचआरने राजीनाम्याचा विषय एकदाही काढला नव्हता.

माझे तसे नव्हते. मी १२ जून २०१७ ला रुजू झालो होतो. ५ फेब्रुवारी २०२४ ला, सोमवारी, मला पीआयपीचे पत्र मिळाले. दहा महिन्यांपूर्वीच्या वार्षिक मूल्यमापनात मला चांगला शेरा आणि पगारवाढ मिळाली होती. पत्रात चार उद्दिष्टे होती. कामाची मालकी घेणे. साठ दिवसांत प्रॉडक्शनमध्ये एकही दोष न येणे. क्लायंटकडून कौतुकाची मेल मिळवणे. आणि एक सर्टिफिकेशन. पहिले मोजता येत नाही. दुसरे माझ्या एकट्याच्या हातात नाही, कारण आमच्या मोड्यूलचा टेस्टर डिसेंबरमध्येच दुसरीकडे हलवला होता. तिसरे तर पूर्णपणे दुसऱ्याच्या मर्जीवर. आणि पत्र देतानाच एचआरच्या बाई म्हणाल्या, "शुक्रवारपर्यंत स्वतः राजीनामा दिलात तर सगळे मिळून दोन महिन्यांचा पगार देऊ. पीआयपी फेल झाला तर रेकॉर्ड खराब होईल."

ज्या दिवशी सुधारण्याची संधी दिली, त्याच दिवशी जाण्याची किंमतही सांगितली. हीच सगळ्यात मोठी खूण. उद्दिष्ट मोजता न येणारे असणे, ते दुसऱ्याच्या हातात असणे, चांगल्या मूल्यमापनानंतर अचानक पत्र येणे आणि आठवड्याची आढावा बैठक ठरूनही न होणे, या खुणा त्यानंतरच्या.

त्या रात्री मी जालन्याला फोन केला. अब्बांना पीआयपी म्हणजे काय ते कळले नाही, पण बाकी सगळे कळले. ते म्हणाले, "बेटा, त्यांना तुला काढायचेच असते तर त्यांनी काढले असते. ते तुझ्याकडून का लिहून मागतायत, ते आधी शोध."

मी शोधले. उत्तर असे आहे.

कंपनीकडे माणूस कमी करण्याचे तीन रस्ते असतात. पहिला रस्ता शिक्षेचा. गैरवर्तन केले म्हणून काढायचे, पण त्यासाठी आरोपपत्र द्यावे लागते, चौकशी करावी लागते, बाजू मांडू द्यावी लागते. दुसरा रस्ता कपातीचा. इथे लक्ष देऊन ऐका. कायद्यात कपात म्हणजे फक्त मंदीतली कपात नव्हे. शिक्षा सोडून इतर कोणत्याही कारणाने मालकाने नोकरी संपवली तर ती कपात धरली जाते. स्वेच्छानिवृत्ती, निवृत्तीचे वय, कराराची मुदत संपणे असे मोजकेच अपवाद आहेत. म्हणजे 'तुमचे काम समाधानकारक नाही' म्हणून चौकशीशिवाय काढले, तरी ती बहुतेक वेळा कपातच ठरते. आणि कपात म्हटली की एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार, सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांची सरासरी पगाराएवढी भरपाई, आणि सरकारला कळवणे, हे सगळे आले.

तिसरा रस्ता राजीनाम्याचा. यात चौकशी नाही, भरपाई नाही, सरकारला कळवणे नाही. तुम्ही स्वतः गेलात. पीआयपीच्या पहिल्याच दिवशी राजीनामा का मागतात, याचे उत्तर एवढेच आहे.

हे नियम माझ्या वेळी १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता, २०२० आली. कपातीची नोटीस आणि पंधरा दिवसांची भरपाई हा गाभा तिथेही कायम आहे. शिवाय कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने पंधरा दिवसांच्या वेतनाएवढी रक्कम पुनर्कौशल्य निधीत भरायची, अशी भर पडली आहे.

आता तुम्ही विचाराल, हे तर कामगारांसाठी, आम्ही इंजिनिअर. मीही हेच समजत होतो. आपल्या पोरांना 'कामगार' हा शब्द लावून घ्यायला लाज वाटते आणि कंपनीला त्याचा फायदा होतो. कायदा पदाचे नाव बघत नाही, मुख्य काम काय ते बघतो. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये मुंबईच्या सिबा गायगी कंपनीच्या एका कर्मचाऱ्याच्या खटल्यात हेच सांगितले. माणसाचे मूळ काम कोणते ते पाहा, वरवरची जादा कामे आणि पदनाम यांवरून ठरवू नका. कुशल, तांत्रिक, कारकुनी काम करणारा कामगार असतो, मग पगार कितीही असो. व्यवस्थापनाचे काम करणारा नसतो. देखरेखीचे काम करणाऱ्याला पगाराची मर्यादा लागते. ती जुन्या कायद्यात दहा हजार होती, नव्या संहितेत अठरा हजार आहे. म्हणजे आयटीतला देखरेख करणारा जवळपास बाहेरच राहतो.

यावर चेन्नईचे प्रकरण लक्षात ठेवा. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने २०१५ मध्ये एका इंजिनिअरला काम समाधानकारक नाही म्हणून काढले. तो कामगार न्यायालयात गेला. कंपनीचे म्हणणे होते की तो व्यवस्थापकीय श्रेणीतला आहे, कामगार नाही. न्यायालयाने त्याचे काम तपासले, त्याला कामगार मानले आणि २०२२ मध्ये पगारासह परत घेण्याचा आदेश दिला. पण वर्षे मोजा. सात. त्या काळात घर चालवायला त्याने मिळेल ते काम केले. हक्क आहे हे खरे आणि तो मिळायला वेळ लागतो हेही खरे. दोन्ही माहीत असूनच पाऊल टाकायचे.

म्हणून पीआयपी आला की पहिल्या आठवड्यात एक कागद घ्या आणि तुम्ही रोज काय करता ते लिहा. कोड लिहिता, टेस्टिंग करता, तिकिटे सोडवता, सर्व्हर सांभाळता, की लोकांच्या रजा मंजूर करता, त्यांचे मूल्यमापन करता, नेमणुका करता? मी पदाने 'लीड' होतो. पण माझ्या हाताखालच्या दोन मुलांची रजा मंजूर करण्याचाही अधिकार मला नव्हता. नव्वद टक्के दिवस कोडमध्ये जायचा. मी कामगार होतो. ज्याच्या हाताखाली बारा माणसे आहेत आणि ज्याच्या सहीने त्यांचा पगार वाढतो, त्याला हा दरवाजा नाही. त्याने मुख्यतः नेमणूकपत्रातल्या नोटीस काळावर आणि ठरलेल्या पैशांवर वाटाघाट करायची. त्याला न्यायालय सहसा नोकरी परत देत नाही. शिवाय कपातीची भरपाई मागायला एक वर्षाची सलग सेवा लागते, बारा महिन्यांत २४० दिवस काम. नवीन लागलेल्यांनी हेही बघून घ्यावे.

आता त्या साठ दिवसांत मी काय केले ते सांगतो.

पहिल्या दिवशी मी पीआयपीच्या पत्रावर सही केली. अनेक जण इथे सही नाकारून भांडतात. त्याची गरज नाही. मी सहीखाली लिहिले, 'पत्र मिळाले. मजकूर मान्य असे नाही. सविस्तर उत्तर स्वतंत्र पाठवत आहे.' पोर्टलवर फक्त 'मान्य' असे बटण असेल तर ते दाबून लगेच त्याच अर्थाची मेल करा.

तिसऱ्या दिवशी उत्तर पाठवले. एक पान. राग नाही, विशेषणे नाहीत. त्यात चार गोष्टी होत्या. मागच्या मूल्यमापनाचा शेरा आणि तारीख. प्रत्येक उद्दिष्ट कसे मोजणार, हा प्रश्न. दोषांच्या उद्दिष्टासाठी टेस्टर लागेल, तो कधी मिळेल, हा प्रश्न. आणि शेवटी एक वाक्य, 'पत्र देतानाच मला राजीनामा देण्याचा पर्याय सुचवण्यात आला. माझा राजीनामा देण्याचा विचार नाही. मला काम करायचे आहे आणि मी या योजनेत पूर्ण सहभागी होईन.' हे शेवटचे वाक्य सगळ्यात कामाचे ठरले. पुढे कधीही कोणी म्हणाले असते की मी स्वखुशीने गेलो, तर हे वाक्य तारखेसह उभे होते.

त्यानंतर दर शुक्रवारी संध्याकाळी मॅनेजरला एक मेल. या आठवड्यात ही कामे पूर्ण केली, हे अडले, अमुक कारणाने अडले, आढावा बैठक ठरल्याप्रमाणे झाली किंवा झाली नाही. आठ आठवड्यांत आठ मेल गेल्या. बैठका फक्त तीन झाल्या. तोंडी जे बोलले गेले, त्याची त्याच दिवशी मेल केली. 'आज आपण असे म्हणालात असे मला समजले, चूक असल्यास कळवावे.' बहुतेकदा उत्तर येत नाही. न येणे हीसुद्धा नोंदच असते.

इथे एक मोठा खड्डा आहे. पुरावा हवा म्हणून घाबरून क्लायंटची कागदपत्रे, कोड, इतरांच्या मूल्यमापनाच्या शीट स्वतःच्या खासगी मेलवर पाठवू नका. कंपनीच्या यंत्रणेत ते लगेच दिसते आणि मग कामाचा प्रश्न बाजूला राहून गोपनीयता मोडल्याचे गैरवर्तन तुमच्यावर येते. मी स्वतःच्या नावाने आलेली पत्रे तेवढी जपली. नेमणूकपत्र, पगारवाढीची पत्रे, मूल्यमापन, पीआयपी आणि एचआरशी झालेला पत्रव्यवहार. बाकीची आठवण वहीत, हाताने, तारीख घालून. दुसरा खड्डा म्हणजे कामावर जाणे बंद करणे. त्रास होतो, झोप लागत नाही, माणूस न कळवता चार दिवस घरी बसतो आणि पत्र येते की तुम्ही नोकरी सोडून गेलात. आजारी असाल तर डॉक्टरांचे सर्टिफिकेट देऊन रजा घ्या.

रेकॉर्डिंगबद्दल नेहमी विचारतात. जुलै २०१७ मध्ये टेक महिंद्राच्या एचआरच्या फोनचे रेकॉर्डिंग बाहेर आले होते. खर्च कमी करायचा आहे, दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत राजीनामा द्या, नाहीतर काढून टाकू, असे त्यात एका कर्मचाऱ्याला सांगितले जात होते. देशभर ते ऐकले गेले आणि आनंद महिंद्रांनी जाहीर माफी मागितली. ते रेकॉर्डिंग नसते तर कागदावर फक्त एक राजीनामा राहिला असता. तरी माझा सल्ला असा की रेकॉर्डिंगवर विसंबू नका. अनेक कंपन्यांचे नियम ते मना करतात. त्याच दिवशी केलेली मेल जास्त सुरक्षित आणि न्यायालयात दाखवायलाही सोपी.

आता पैशाचा हिशेब. हा प्रत्येकाने स्वतः करायला शिका, कारण टेबलावर जे सांगतात ते ऐकायला मोठे वाटते. माझा महिन्याचा पगार ९०,००० रुपये, त्यात मूळ वेतन ३६,०००. सेवा सहा वर्षे दहा महिने. सहा महिन्यांवरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणून सात वर्षे.

ग्रॅच्युइटी अशी काढतात. मूळ वेतन भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षे. माझे उत्तर १,४५,३८५ रुपये. पाच वर्षे झाली की हे पैसे राजीनामा दिला तरी मिळतात, काढले तरी मिळतात. कामाचा शेरा वाईट म्हणून ते अडवता येत नाहीत. आता आठवा, एचआरने काय सांगितले होते? 'सगळे मिळून' दोन महिन्यांचा पगार, म्हणजे १,८०,०००. त्यातून माझी हक्काची ग्रॅच्युइटी वजा करा. उरले ३४,६१५ रुपये. माझी नोकरी माझ्याच हाताने सोडण्याची किंमत ही होती.

दुसऱ्या बाजूला, कपात धरली तर पंधरा दिवसांचा पगार ४५,०००, गुणिले सात वर्षे, म्हणजे ३,१५,०००. त्यात नेमणूकपत्राप्रमाणे दोन महिन्यांची नोटीस १,८०,०००. एकूण ४,९५,०००, आणि ग्रॅच्युइटी वेगळी. नव्या संहितांमध्ये वेतनाची व्याख्या बदलली आहे. भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनात धरायचा. त्यामुळे आज माझ्यासारख्याची ग्रॅच्युइटी ३६,००० वर नव्हे, ४५,००० वर निघेल. कपातीच्या भरपाईचा आकडाही नव्या व्याख्येने पुन्हा काढावा लागेल. पगाराची स्लिप समोर ठेवून हिशेब करा. आणि नोकरी कशीही संपली तरी, राजीनामा असो वा कपात, शेवटचे वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यावे, असे वेतन संहिता सांगते. 'फुल अँड फायनल पंचेचाळीस दिवसांनी' हा कंपनीचा रिवाज आहे, कायदा नाही.

५ एप्रिलला साठ दिवस संपले. मला बैठकीला बोलावले. तीन माणसे समोर, मी एकटा. 'उद्दिष्टे पूर्ण झाली नाहीत. आज पाचपर्यंत पोर्टलवर राजीनामा टाका.' मी म्हणालो, "काढायचे असेल तर कारणासह पत्र द्या. मी राजीनामा देणार नाही." हे वाक्य मी आदल्या रात्री आरशासमोर दहा वेळा म्हणून पाहिले होते. तिथे हात थरथरत होते. बाहेर आल्यावर दहा मिनिटांत मेल केली, कोण होते, काय म्हणाले, मी काय उत्तर दिले. काढल्याचे पत्र त्या दिवशी आले नाही. पुढचे दोन आठवडेही आले नाही.

पोर्टलबद्दल एक बारीक गोष्ट. राजीनाम्याच्या पानावर कारणांची यादी असते. वैयक्तिक कारण, चांगली संधी, उच्च शिक्षण. दबावाने राजीनामा हा पर्याय तिथे कधीच नसतो. भोकरदनच्या माझ्या एका मित्राने 'वैयक्तिक कारण' निवडले, आणि नंतर वकिलाने त्याला पहिला प्रश्न हाच विचारला, "मग हे तू का निवडलेस?" त्याच्याकडे उत्तर नव्हते.

पण कोणाकडून दबावाखाली बटण दाबले गेलेच, तर सगळे संपले असे समजू नका. त्याच दिवशी, शक्य तर त्याच तासात, पोर्टलवर राजीनामा मागे घ्या आणि मेल करा की तो कोणत्या बैठकीत, कोणत्या दबावाखाली घेतला गेला. कोकण रेल्वेच्या एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये मान्य केले की राजीनामा स्वीकारल्याचे त्याला कळवण्याआधी त्याने तो मागे घेतला होता, म्हणून तो मागे घेतलाच गेला. ती सरकारी कंपनी होती. खासगी कंपनीत नेमणूकपत्रातली अटही बघावी लागते. पण मुद्दा वेळेचा आहे. दोन तासांत मागे घेतलेला राजीनामा दबावाचा वाटतो. दोन महिन्यांनी, पैसे घेऊन झाल्यावर मागे घेतलेला वाटत नाही.

आता कुठे जायचे? महाराष्ट्रात आपल्याकडे एक जास्तीचा दरवाजा आहे आणि तो फार कमी इंजिनिअरांना माहीत आहे. १९७१ चा राज्याचा कायदा, कामगार संघांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणारा. वकील त्याला एमआरटीयू-पल्प म्हणतात. त्याच्या चौथ्या अनुसूचीत मालकाने करू नयेत अशा गोष्टी आहेत. सूडबुद्धीने काढणे, सद्भावना नसताना केवळ अधिकाराचे सोंग करून काढणे, उघड खोट्या कारणांसाठी काढणे. तक्रार घटनेपासून ९० दिवसांत करायची असते.

आणि यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. काढून टाकेपर्यंत थांबावे लागत नाही. हिंदुस्तान लिव्हर विरुद्ध अशोक विष्णू काटे या १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की काढण्याच्या दिशेने मालकाची पावले सुरू झाली असतील, तर प्रत्यक्ष काढण्याआधीही या कायद्याखाली तक्रार करता येते. न्यायालय अंतरिम आदेशही देऊ शकते. पीआयपीत अडकलेल्या माणसासाठी याचा अर्थ काय, ते तुमच्या लक्षात आले असेल. मात्र एका गोष्टीसाठी दोन दरवाजे एकदम उघडत नाहीत. इथे तक्रार केली की त्याच मुद्द्यावर दुसऱ्या कायद्याखाली जाता येत नाही. म्हणून आधी वकिलाशी बसून ठरवा. दुसरा दरवाजा कामगार खात्याचा. काढल्यानंतर समेट अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, ४५ दिवसांत तोडगा निघाला नाही तर थेट न्यायाधिकरणाकडे जाता येते. नव्या संहितेत त्यासाठी काढल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, आधी ती तीन होती. नेमणूक पुण्याची असेल तर साधारणपणे पुण्याच्या कामगार कार्यालयात जावे लागते, घर जालन्यात आहे म्हणून जालन्यात नाही.

वकिलाच्या फीची भीती असते. विधी सेवा प्राधिकरण कायद्यात मोफत वकिलाचा हक्क कोणाकोणाला, त्या यादीत सर्व स्त्रिया आहेत आणि औद्योगिक कामगारही आहेत. जालन्याच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. निदान पहिला सल्ला तिथे घ्या.

शेवटी तो प्रश्न, जो फोनवर सगळे हळू आवाजात विचारतात. "भाई, माझ्या नावामुळे तर नाही ना झाले?" प्रामाणिक उत्तर देतो. खासगी नोकरीत धर्मावरून भेदभाव झाला म्हणून सरळ दाद मागता येईल असा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. पण त्याच चौथ्या अनुसूचीत गुणवत्ता न बघता एका गटाला झुकते माप देणे हीही अनुचित प्रथा आहे. ते दाखवायला मनातली शंका पुरत नाही. त्याच टीममध्ये, त्याच कामावर, तेवढेच किंवा जास्त दोष असलेल्या कोणाला पीआयपी मिळाला नाही, हे तारखांसह दाखवावे लागते. असे काही असेल तर वहीत लिहा. नसेल तर मजबूत मुद्दा सोडून कमजोर मुद्द्यावर लढू नका. माझ्या बाबतीत मला असे काही सापडले नाही, म्हणून मी ते लिहिले नाही. टेस्टर दिला नव्हता, हे मी लिहिले. ते कोणाला खोडता आले नाही.

माझे काय झाले? मी वकिलाकडून तक्रारीचा मसुदा तयार करून घेतला आणि कंपनीला नोटीस पाठवली. २२ एप्रिलला त्यांनी बोलावले. यावेळी बोलणे वेगळे होते. पाच महिन्यांचा पगार, म्हणजे ४,५०,०००, ग्रॅच्युइटी वेगळी, रिलीव्हिंग लेटर आणि अनुभवपत्रात कामाबद्दल वाईट शब्द नाही, कोणी चौकशी केली तर फक्त पद आणि तारखा सांगणार. हे सगळे सहीच्या करारात घेतले. ३० एप्रिलला मी बाहेर पडलो. होय, शेवटी मीही राजीनामाच दिला. पण काय सोडतो आणि काय घेतो, हे मोजून दिला. नोकरी वाचली नाही. तिथे राहून लढलो असतो तर कदाचित जिंकलो असतो, कदाचित चेन्नईच्या त्या इंजिनिअरसारखी सात वर्षे गेली असती. घरी लहान मुलगी होती, मी तो रस्ता घेतला नाही. तुमची परिस्थिती वेगळी असेल, तुमचा निर्णय वेगळा असेल.

करार झाला त्या दिवशी मी अब्बांना कागद वाचून दाखवला. त्यांनी रक्कम विचारली नाही. विचारले, "सही करण्याआधी सगळे वाचलेस ना?" मी म्हणालो, दोन दिवस घरी ठेवून वाचले. ते म्हणाले, "आम्हाला कागद घरी न्यायची सोय नव्हती."

तुम्हाला ती आहे. कोणी टेबलावर कागद ठेवून 'आत्ताच' म्हणाले, तर तो घरी न्या. प्रश्न असतील तर आता विचारा.